आजचा सोन्याचा भाव किंवा डॉलरचा रेट विचारलाय आणि लाईव्ह डेटाच नाहीये, तेव्हा काय उत्तर द्यायचं

चौकशीच्या डेस्कवर बसणाऱ्या, मोठा ग्रुप सांभाळणाऱ्या किंवा घरात ज्याला सगळे पैशाचं विचारतात अशा प्रत्येकाला हा प्रश्न सारखा येतो. "ताई, आज सोनं काय भावाने आहे?" किंवा "युरो आज कितीला पडेल?" आणि नेमकं तेव्हाच लाईव्ह भाव दाखवणारं फीड बंद असतं, नेट नसतं, नाहीतर समोरच्या साईटवर कालपासून तोच आकडा गोठून बसलेला असतो. अशा वेळी लोक दोनपैकी एक करतात. एक तर "माहीत नाही, बघून घ्या" म्हणून हात झटकतात, नाहीतर आठवतो तो आकडा आजचा म्हणून ठोकून देतात. पहिल्याने विचारणाऱ्याचं काहीच काम होत नाही, आणि दुसऱ्याने तो त्या आकड्यावर व्यवहार करून बसतो, म्हणजे ते जास्त वाईट.

खरं तर लाईव्ह आकडा नसतानाही बऱ्यापैकी पक्कं, कामाचं उत्तर देता येतं. मी डेस्कवर हेच काम करते, तर माझी पद्धत इथे सविस्तर लिहून ठेवतेय.

आधी बघा, आत्ता "लाईव्ह" नावाचं काही अस्तित्वात आहे का

हे सगळ्यात आधी तपासायचं कारण यातच बरेच प्रश्न मिटतात. चलनाचा बाजार आठवड्याचे पाच दिवस रात्रंदिवस चालतो, सोमवारी सकाळी न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाकडे सुरू होतो आणि न्यूयॉर्कच्या शुक्रवारी संध्याकाळी ५ वाजता बंद होतो. सोन्याचंही जवळपास तसंच आहे, फक्त न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात रोज संध्याकाळी तासभर सुट्टी असते. म्हणजे कुणी शनिवारी विचारलं की आज डॉलर कितीला, तर शुक्रवारी बंद होतानाचा रेट हाच सगळ्यात ताजा रेट आहे. फीड हलत नाहीये याचं कारण फीड बिघडलंय असं नाही, बाजारच बंद आहे. तेव्हा "शुक्रवारी बंद होताना एवढा होता, सोमवारपर्यंत नवीन भाव निघणार नाही" हे पूर्ण उत्तर आहे, त्यात बिचकायचं कारण नाही.

शिवाय काही भाव मुळातच दिवसातून एकदा-दोनदा ठरतात. लंडनच्या सराफा बाजार संघटनेचा, म्हणजे एलबीएमएचा सोन्याचा भाव तिथल्या वेळेने सकाळी १०:३० आणि दुपारी ३ च्या लिलावात ठरतो, तो डॉलरमध्ये आणि एका ट्रॉय औंसाला असतो. युरोपियन सेंट्रल बँक कामाच्या दिवशी मध्य युरोपच्या वेळेनुसार दुपारी ४ च्या सुमारास युरोचे संदर्भ रेट जाहीर करते. म्हणजे त्या बँकेचा शुक्रवारचा रेट सोमवारी दुपारी ४ पर्यंत शेवटचाच असतो, सोमवारी सकाळी तुमच्याकडे शुक्रवारचा आकडा असेल तर तो शिळा नाही, त्या मालिकेतला चालू आकडाच आहे. फक्त ती बँक स्वतःच सांगते की हे रेट माहितीसाठी आहेत, व्यवहारासाठी नाहीत, हे पण समोरच्याला सांगायचं.

मग विचारा, कशासाठी हवाय

उत्तर देण्याआधी हा एक प्रश्न विचारला की निम्मं काम हलकं होतं. कारण "आजचा भाव" म्हणणाऱ्या बऱ्याच जणांना आजचा भाव नकोच असतो. कुणाला मागच्या महिन्यातल्या बिलाचा हिशोब लावायचा असतो, त्याला त्या बिलाच्या तारखेचा रेट लागतो, आणि तो आता बदलणार नाही, जुन्या नोंदीतून शांतपणे काढता येतो. कुणाला सहा महिन्यांनी लागणाऱ्या खर्चाचा अंदाज हवा असतो, त्याला आजचा अगदी दशांशापर्यंतचा आकडा देऊन काही फायदा नाही, कारण सहा महिन्यांत भाव कितीतरी हललेला असेल. विमा, कर, हिशोब तपासणी असल्या कामांना तर ते काम ज्या नियमाने चालतं त्यात कुठला रेट आणि कुठल्या दिवसाचा हे लिहिलेलं असतं, तिथे स्क्रीनवरचा लाईव्ह आकडा चालतच नाही.

उरतात ते खरंच आज किंवा उद्या विकणारे, घेणारे, पैसे पाठवणारे. त्यांच्यासाठी पुढचं सगळं.

आणि एक प्रकार वेगळा सांगते, "भाव चढलाय की उतरलाय?" हा प्रश्न. याचं उत्तर लाईव्ह डेटाशिवाय देता येत नाही आणि देऊ पण नका. गेला आठवडाभर चढत होता म्हणून आजही चढला असेल असं धरून जुन्या आकड्यात थोडं वाढवून सांगायची सवय असते लोकांना, ती सोडा. काही दिवसांच्या अंतरासाठी शेवटचा माहीत असलेला भाव हाच सगळ्यात चांगला अंदाज असतो, त्यात आपल्या मनाची भर घातली की अंदाज सुधारत नाही, उलट बिघडतो.

काही रेट हलतच नाहीत

हे फार कमी लोक वापरतात. जगातली काही चलनं दुसऱ्या चलनाला बांधलेली आहेत आणि त्यांचा रेट तुम्ही फीड न बघता सांगू शकता. एका डॉलरला संयुक्त अरब अमिरातीचे ३.६७२५ दिरहम, सौदीचे ३.७५ रियाल, कतारचे ३.६४ रियाल. हाँगकाँगचा डॉलर ७.७५ ते ७.८५ याच पट्ट्यात ठेवला जातो. भारताच्या १ रुपयाला नेपाळचे १.६ रुपये. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला सीएफए फ्रँक १ युरोला ६५५.९५७.

तर कुणी विचारलं की दिरहमचे सौदी रियाल किती, तर ३.७५ भागिले ३.६७२५, म्हणजे १ दिरहमला साधारण १.०२ रियाल, झालं. काउंटरवर यापेक्षा थोडं कमी मिळेल कारण तिथे त्यांचं मार्जिन असतं, पण खरेदी आणि विक्रीच्या रेटमधला मधला रेट हाच.

फक्त बांधलेला रेट सुटू पण शकतो. स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने युरोला किमान १.२० फ्रँक हा ठेवलेला तळ १५ जानेवारी २०१५ ला अचानक काढून घेतला आणि काही मिनिटांत फ्रँक कुठल्या कुठे गेला. म्हणून सांगताना "बांधलेला रेट हा आहे" असं सांगायचं, आणि त्या देशाच्या चलनाबद्दल ताजी मोठी बातमी कानावर असेल तर हा शॉर्टकट वापरायचा नाही.

सोन्याचं उत्तर कसं काढायचं

आता मुख्य मुद्दा. लाईव्ह भाव नाही, पण तुमच्याकडे शेवटचा माहीत असलेला औंसाचा भाव आहे आणि तो कुठल्या दिवसाचा, कुठल्या वेळेचा हे पण माहीत आहे. तारीख नसेल तर तो आकडा सरळ टाकून द्या, बिनतारखेचा फॉरवर्ड केलेला फोटो कितीही ताजा वाटला तरी. त्यावर "आज" असं छापलेलं असतं, पण ते "आज" कुठल्या दिवसाचं हे कुणालाच सांगता येत नाही.

औंसावरून ग्रॅमवर यायचं तर ३१.१०३५ ने भागायचं. सोन्याचा औंस म्हणजे ट्रॉय औंस, ३१.१ ग्रॅमचा. किराणा मोजायचा साधा औंस २८.३५ ग्रॅमचा असतो आणि लोक घाईघाईत तोच वापरतात, मग उत्तर जवळपास १० टक्क्यांनी जास्त येतं. कुणाचा हिशोब तुमच्यापेक्षा बरोबर एवढाच वर दिसला की पहिला संशय याच गोष्टीवर घ्या.

मग कॅरेट. २४ कॅरेट म्हणजे शुद्ध, १८ कॅरेटमध्ये २४ पैकी १८ भाग सोनं म्हणजे ७५ टक्के, दागिन्यावर ७५० असा शिक्का असतो. २२ कॅरेटला ९१६, १४ ला ५८५. शीटमध्ये टाकायचं असेल तर एवढंच सूत्र आहे, `A1` मध्ये औंसाचा डॉलरमधला भाव, `B1` मध्ये एका डॉलरला तुमचं चलन किती, `C1` मध्ये कॅरेट:

```
=A1*B1/31.1035*C1/24
```

हे एका ग्रॅमचं येतं. विचारणाऱ्याने तोळ्यात विचारलं तर आधी ग्रॅम किती ते विचारून घ्या, कारण मूळ तोळा ११.६६ ग्रॅमचा आहे आणि बोलताना बरेच लोक १० ग्रॅमला तोळा म्हणतात, दोन्हीत १६ टक्क्यांच्या वर फरक पडतो. शिळ्या भावाने होणारी चूक याच्यापुढे काहीच नाही.

आता एक उदाहरण पूर्ण करून दाखवते. आकडे फक्त गणितासाठी धरलेत, भाव म्हणून घेऊ नका. मंगळवारी दुपारी एकजण विचारतो, माझ्याकडे १८ कॅरेटची १२ ग्रॅमची चेन आहे, एक खरेदीदार तिचे ६१० डॉलर देतोय, आज भाव काय आहे, देऊन टाकू का? तुमच्याकडे लाईव्ह काही नाही, शुक्रवारचा लंडनचा दुपारचा भाव लिहून ठेवलेला आहे, ३,००० डॉलर औंस धरू.

३,००० भागिले ३१.१०३५ म्हणजे शुद्ध सोनं ग्रॅमला ९६.४५ डॉलर. त्याचे पाऊण केले की १८ कॅरेट ७२.३४. गुणिले १२ ग्रॅम, ८६८ डॉलर. ही त्या चेनमधल्या सोन्याची शुक्रवारची किंमत. घडणावळ नाही, कर नाही, नुसता धातू.

पण आज मंगळवार आहे, मग हा आकडा किती इकडेतिकडे झाला असेल? सोन्याचा भाव वर्षाला साधारण १५-१६ टक्के हलतो असं धरलं तर एका कामाच्या दिवसाला ते अंदाजे १ टक्का पडतं. आणि दिवस वाढले की ही हालचाल दिवसांच्या पटीत वाढत नाही, वर्गमुळाच्या पटीत वाढते, म्हणजे ४ दिवसांना दुप्पट, ९ दिवसांना तिप्पट, कारण काही दिवस वर जातो काही दिवस खाली येतो आणि ते एकमेकांना बरंचसं खाऊन टाकतात. शुक्रवार दुपार ते मंगळवार दुपार म्हणजे बाजाराचे दोन दिवस, शनिवार-रविवार धरायचे नाहीत. दोनाचं वर्गमूळ १.४, म्हणजे १.४ टक्के. हा झाला नेहमीचा फरक, त्याच्या दुप्पट पट्टा धरला की बऱ्यापैकी सुरक्षित, म्हणजे दोन्हीकडे ३ टक्के. तर चेनमधलं सोनं आज साधारण ८४२ ते ८९४ डॉलरच्या मध्ये कुठेतरी असणार.

आणि आता मूळ प्रश्नाकडे बघा. देणारा ६१० देतोय. पट्ट्याचं खालचं टोक जरी खरं निघालं तरी तो धातूच्या किमतीच्या ७२ टक्केच देतोय. म्हणजे आजचा नक्की भाव कळला तरी उत्तर बदलत नाही, ऑफर कमी आहे. खरेदीदार सोनं वितळवण्याचा खर्च, घट, स्वतःचा नफा कापणार हे बरोबर आहे, आणि चेनमध्ये खडे असतील किंवा हुकात दुसऱ्या धातूची स्प्रिंग असेल तर वजन पण निव्वळ धरायला हवं, ते त्याला विचारायचं. पण अजून एक-दोन ठिकाणी ऑफर घेतल्याशिवाय देऊ नका हे तुम्ही लाईव्ह फीड न बघता ठामपणे सांगू शकता.

माझ्या मते या सगळ्या पद्धतीतली मुख्य चाळणी हीच आहे, की पट्ट्याच्या दोन्ही टोकांना विचारणाऱ्याचा निर्णय एकच राहतो का ते बघायचं. राहत असेल तर उत्तर द्या. समजा तोच खरेदीदार ८५० देत असता तर गोष्ट वेगळी होती, कारण ८४२ धरलं तर ऑफर धातूच्या किमतीपेक्षाही वर जाते आणि ८९४ धरलं तर ५ टक्के कमी पडते, तिथे सरळ सांगायचं की हे आजच्या भावाशिवाय ठरणार नाही, ताजा आकडा बघितल्याशिवाय हो म्हणू नका.

हा पट्टा कधी तुटतो ते पण माहीत असू द्या. १५ एप्रिल २०१३ ला सोनं एका दिवसात ९ टक्क्यांच्या आसपास पडलं होतं. २४ जून २०१६ ला ब्रिटनच्या जनमताचा निकाल लागला तेव्हा पौंड डॉलरसमोर दिवसभरात साधारण ८ टक्के घसरला. असे दिवस १ टक्क्याच्या हिशोबात बसत नाहीत. त्यामुळे मधल्या दिवसांत युद्ध, मोठी निवडणूक, बँक बुडणं, व्याजदराचा धक्का असलं काही झालं असेल तर पट्टा सांगू नका, फक्त जुना आकडा तारखेसकट आणि हिशोबाची पद्धत सांगा. तसंच शेवटचा आकडा महिनाभर जुना असेल तर पट्टा दोन्हीकडे ९ टक्क्यांपर्यंत जातो, आणि एवढ्या रुंद पट्ट्यातून क्वचितच काही ठरतं.

दुकानाचा भाव आणि औंसाचा भाव जुळत नाही म्हणतात

हे पण दर वेळी येतं. वरच्या सूत्राने निघतो तो जागतिक बाजारातल्या धातूचा भाव, आणि दुकानातल्या बोर्डावरचा भाव त्याच्या वर असतो कारण त्यात आयात शुल्क, वाहतूक, स्थानिक व्यापाऱ्याचा वरचा भाग असं जे त्या त्या देशात असेल ते मिसळलेलं असतं. तो प्रत्येक भाग शोधत बसायची गरज नाही. तुमच्याकडे कुठल्याही एका दिवसाचा बोर्डाचा भाव आणि त्याच दिवसाचा औंसाचा भाव अशी जोडी असेल तर पुरे. समजा त्या दिवशी औंस ३,००० होता आणि बोर्डावर २४ कॅरेट ग्रॅमला १०३ डॉलर. आता कुणीतरी खात्रीने सांगितलं की औंस ३,०६० झालाय, पण बोर्डाचा भाव काही कळत नाहीये. ३,०६० म्हणजे २ टक्के वर, तर बोर्ड पण २ टक्के वर, १०५ च्या आसपास. मधल्या काळात शुल्क किंवा कर बदललेला नसला की हे चांगलं जमतं. हिशोब दुसऱ्या चलनात असेल तर डॉलरचा रेट जेवढा बदलला त्याने अजून एकदा गुणायचं.

दोन्ही आकडे जुने असतील, म्हणजे औंस पण आणि चलन पण, तर दोन्हींची अनिश्चितता नुसती बेरीज करू नका, दोघं एकाच दिशेने पूर्ण चुकतील असं सहसा होत नाही. सोन्याचे २ टक्के आणि चलनाचा १ टक्का मिळून साधारण सव्वादोन टक्के होतात, तीन नाही. आणि विकताना मिळणारा भाव बोर्डापेक्षा कमी असतो हे विचारणाऱ्याला आठवणीने सांगा, नाहीतर तो बोर्डाचाच आकडा हातात पडेल असं धरून चालतो.

चलनाचं, थोडक्यात

पद्धत तीच. फक्त डॉलर-युरोसारख्या मोठ्या जोड्या सोन्यापेक्षा कमी हलतात, दिवसाला साधारण अर्धा टक्का धरा. लहान देशांच्या चलनांना हा नियम लावू नका, तिथे महिनाभर काहीच होत नाही आणि मग एका रात्रीत होतं.

कुणी विचारलं की उद्या ८०० युरो फी भरायचीये, माझ्याकडे १,००० डॉलर आहेत, पुरतील का? शेवटचा माहीत असलेला रेट समजा १ युरोला १.१० डॉलर, म्हणजे ८८० डॉलर. पट्ट्याचा १ टक्का वर धरला तर ८८९. त्यावर बँक किंवा कार्डवाले आपलं मार्जिन लावणार, ते त्यांच्याकडूनच विचारून घ्यायचं, गणितापुरतं ३ टक्के धरलं तर ९१६ च्या आत बसतं. म्हणजे पुरतील, आणि हे आजचा रेट न बघता सांगता येतं. मात्र त्याच्याकडे ९०० च डॉलर असते तर नाही सांगता आलं, तेव्हा मार्जिन किती हाच खरा प्रश्न झाला असता. मार्जिन हा इथे शिळ्या रेटपेक्षा मोठा खड्डा असतो, म्हणून "आज रेट काय" यापेक्षा "माझ्या खात्यातून सगळं धरून नक्की किती जातील" हे विचारायला लावा, त्या आकड्यावरच त्याचं काम होणार आहे.

रेट उलटा लावण्याची चूक पण इथेच होते. १.१० ने गुणायच्या ऐवजी भागलं तर ७२७ येतं आणि समोरचा खूश होतो. चाचणी सोपी आहे, जे चलन जास्त किमती त्यातला आकडा लहान असायला हवा. युरो डॉलरपेक्षा महाग असेल तर ८०० युरोचे डॉलर ८०० पेक्षा जास्तच येणार, कमी आले की गणित उलटं झालंय.

फीड खरंच शिळं आहे हे ओळखायचं कसं

कधीकधी आकडा समोर असतो पण त्यावर विश्वास ठेवायचा की नाही कळत नाही. कामाचा दिवस आहे, बाजार उघडा आहे आणि डॉलर-युरोसारख्या जोडीचे शेवटचे दशांश दहा-पंधरा मिनिटांत एकदाही हलले नाहीत, तर फीड अडकलंय, कारण ही जोडी एवढा वेळ गप्प बसतच नाही. वेळ लिहिलेली असेल तर ती कुठल्या टाइम झोनची ते बघा, न्यूयॉर्कची संध्याकाळची वेळ आशियातल्या माणसाला कालची वाटते आणि आकडा मात्र काही तासांपूर्वीचाच असतो. पेज उघडताना वर ऑफलाईन किंवा सेव्ह केलेली कॉपी असं काही दिसत असेल तर तो आकडा पेज सेव्ह झालं त्या वेळचा आहे. दोन साईटवर वेगवेगळा आकडा दिसला तर लगेच एक खोटी ठरवू नका, एक मधला रेट दाखवत असेल आणि दुसरी विक्रीचा. स्प्रेडशीटमध्ये `GOOGLEFINANCE("CURRENCY:USDEUR")` वापरणाऱ्यांनी लक्षात घ्या की तो आकडा पण थोडा उशिरा येऊ शकतो, मिनिटांचा खेळ असलेल्या व्यवहाराला तो नको.

मी उत्तर साधारण असं लिहिते

वरच्या चेनवाल्याला द्यायचं उत्तर असं होईल: "दादा, आजचा ताजा भाव आत्ता माझ्याकडे नाहीये. शुक्रवारी दुपारी लंडनला औंस ३,००० डॉलर होता, त्या हिशोबाने तुमच्या १२ ग्रॅम १८ कॅरेटमध्ये सुमारे ८६८ डॉलरचं सोनं आहे. दोन दिवसांत फरक पडून ते ८४० ते ८९५ च्या मध्ये असू शकतं. ६१० ची ऑफर यातल्या कुठल्याही आकड्याला कमीच आहे, आज देऊ नका, अजून दोन ठिकाणी निव्वळ वजन करून ऑफर घ्या आणि काय कापतायत ते आकड्यात सांगायला लावा. देण्याच्या दिवशी औंसाचा भाव बघा, ३१.१ ने भागा, पाऊण करा, १२ ने गुणा."

यात आकडा कुठून आला, कधीचा आहे, किती चुकू शकतो, त्यावरून आत्ता काय करायचं आणि ताजा भाव मिळाल्यावर स्वतः कसं काढायचं, एवढं सगळं आलं. "अंदाजे" हा शब्द एकटा वापरू नका, अंदाजे म्हणजे ५ डॉलर की ५० हे वाचणाऱ्याला कळत नाही, म्हणून दोन टोकं द्या. आणि ९६.४५२२ असे चार दशांश पण नकोत, पट्टा ३ टक्क्यांचा असताना ते खोटी खात्री दाखवतात, उत्तरात पूर्णांकच बरा.

हे सगळं जमायला हाताशी शेवटचा आकडा असावा लागतो, म्हणून फीड चालू असतानाच रोज एक ओळ लिहून ठेवायची, औंसाचा भाव, तो कुठला आणि टाइम झोनसकट किती वाजताचा, डॉलरचा रेट, आणि त्याच दिवसाचा बोर्डाचा २४ कॅरेटचा भाव. शीटमध्ये ठेवलीत तर फोनवर ऑफलाईन उघडेल असं सेटिंग करून ठेवा, कारण नेट गेल्यावरच ती लागते. डेस्कवर पाळी बदलत असेल तर पुढच्या माणसाला ती ओळ दाखवून मगच उठा.